ताप न येणारं मूल

(जव्हार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रणासाठी तयार केलेला मजकूर)



ताप आलेल्या मुलाची काळजी घरातलं प्रत्येक माणूस करतं. आजी कपाळाला हात लावून बघते, बाप रात्री मोटारसायकल शोधायला बाहेर पडतो, कुणी भगताकडे जातं तर कुणी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात. तापाचा आकडा जितका मोठा तितकी धावपळ मोठी. मला आज त्या मुलाविषयी बोलायचं आहे ज्याला ताप यायला हवा होता आणि आला नाही. असं मूल घरात शांत पडून राहतं, म्हणून त्याच्यासाठी कुणी धावत नाही. आपल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत ते पुन्हा पुन्हा भेटतं. पण त्याचं दुखणं समजून घ्यायचं तर आधी ताप म्हणजे काय, हे नीट पाहावं लागेल.

भर पावसाळ्यात खोडाळ्याकडच्या एखाद्या पाड्यावर थंडी वाजून ताप आलेला माणूस आठवा. अंगावर दोन घोंगड्या आहेत तरी दात वाजतायत, हातपाय गार पडलेत, आणि काखेतलं थर्मामीटर 39 अंश सेल्सिअस दाखवतंय. अंग तापलेलं आणि थंडी वाजतेय, हे दोन्ही एकाच वेळी कसं? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीर किती उष्ण ठेवायचं, ते तिथे ठरतं. एरवी तो आकडा 37 च्या आसपास असतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं रक्तात सोडतात. इंटरल्यूकिन 1, इंटरल्यूकिन 6, टीएनएफ ही त्यातली मुख्य. ती मेंदूच्या या भागातल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं आणि ठरलेला आकडा 37 वरून 40 वर सरकतो. आता 39 ला असलेलं शरीर मेंदूच्या हिशेबी एक अंशाने थंड आहे. म्हणून कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो, स्नायू थरथरायला लागतात, माणूस पांघरूण मागतो. 40 गाठलं की हुडहुडी थांबते. पुढे आकडा पुन्हा 37 वर आला की शरीराला एकदम आपण फार तापलो आहोत असं जाणवतं आणि घाम फुटतो.

पॅरासिटामॉल इथेच काम करतं. ते प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, त्यामुळे आकडा खाली येतो. जंतूला ते हातही लावत नाही. कपाळावर बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्याने आकडा हलत नाही, फक्त कातडी गार होते आणि मूल आणखी कुडकुडतं. उष्माघाताची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुराचं अंग तापतं तेव्हा मेंदूतला आकडा 37 वरच असतो. बाहेरची उष्णता शरीराला आवरत नाही, एवढंच. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी आणि गार पाणीच खरं औषध. ही दोन दुखणी एक समजून केलेले उपचार मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणजे ताप शरीराने ठरवून आणलेला असतो. पण ठरवून आणलेली प्रत्येक गोष्ट फायद्याचीच असते असं नाही, म्हणून पुरावा हवा. तो माणसावर मिळवणं अवघड होतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाळवंटातल्या इग्वाना जातीच्या सरड्यावर मिळवला. सरडा थंड रक्ताचा. त्याला ताप हवा असेल तर तो उन्हात जाऊन बसतो आणि ताप नको असेल तर सावलीत. जिवंत जंतू टोचलेले सरडे खरोखरच जास्त उष्ण जागा निवडत होते. मग संशोधकांनी निवडीचा हक्क काढून घेतला आणि जंतू टोचलेले सरडे 34 पासून 42 अंशांपर्यंत निरनिराळ्या तापमानाला ठेवलेल्या पेट्यांत बंद केले. 34 अंशांच्या पेटीतले बहुतेक मेले, 40 च्या पेटीतले बहुतेक वाचले. पुढच्या प्रयोगात सरड्यांना मोकळं सोडून ताप उतरवणारं सॅलिसिलेट दिलं. ज्यांचं अंग औषधाने खरोखर उतरलं ते दगावले, आणि औषध घेऊनही जे उष्ण जागेत जाऊन तापले ते जगले.

उष्णतेने नक्की काय साधतं? थोडक्यात सांगतो. काही जंतूंची वाढ 39-40 ला मंदावते. त्याच वेळी शरीर रक्तातलं लोह यकृतात आणि पेशींत लपवतं, आणि लोह मिळालं नाही की तापलेल्या अंगात जंतूंची आणखी अडचण होते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तातून गाठींमध्ये अधिक वेगाने उतरतात. सगळ्याच जंतूंवर सारखा परिणाम होतो असं मात्र नाही.

आपल्या भागाच्या दृष्टीने सगळ्यात बोलका जंतू हिवतापाचा. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी 1880 च्या दशकात दाखवलं की हिवतापाची थंडी ठरावीक दिवशी येते, कारण परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी एकदम फुटतात. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या दोन्हींचं चक्र सुमारे 48 तासांचं. नवा परजीवी पेशीत शिरतो, कोवळ्या अंगठीसारखा दिसतो, वाढतो, विभागतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटल्या की ताप. आता हा ताप परजीवीला काय करतो ते पाहा. चक्राच्या उत्तरार्धात असलेले, पिकत आलेले परजीवी 40 अंशांची उष्णता सोसू शकत नाहीत, ते मोठ्या संख्येने मरतात. कोवळे मात्र तगून राहतात. त्यामुळे आधी मागेपुढे वाढणारे परजीवी हळूहळू एका वेळापत्रकावर येतात आणि एक दिवसाआड येणारी थंडी अधिक ठळक होते. म्हणजे परजीवी तापाला कारण होतो आणि तापच त्याची संख्या आवरतो.

मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या लांबारेने गावात 1997 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी इथे सांगतो. फाल्सिपेरम हिवतापाच्या 50 मुलांना क्विनीन दिलं. निम्म्यांना सोबत पॅरासिटामॉल, उरलेल्यांचा ताप फक्त पंख्याने आणि ओल्या फडक्याने उतरवला. रक्तातून परजीवी नाहीसे व्हायला पॅरासिटामॉलच्या गटात सरासरी 75 तास लागले, दुसऱ्या गटात 59. सोळा तासांचा फरक. चाचणी लहान आहे, आणि ही मुलं क्विनीनमुळे बरी होणारच होती. म्हणून मी हिवतापात पॅरासिटामॉल द्यायचंच नाही, असं म्हणत नाही. पण ताप उतरला म्हणजे आजार उतरला हा समज यातून खोटा ठरतो. हिवतापाच्या भागात पॅरासिटामॉल देऊन मूल घरी पाठवलं आणि बोटाच्या रक्ताची तपासणी केली नाही, तर चूक तपासणी न करण्यात आहे.

आता खर्चाकडे येऊ. ताप फुकट येत नाही. एक अंश चढला की शरीराचा मूळ ऊर्जाखर्च सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो, थरथर सुरू असताना त्याहून बराच अधिक. पाणी उडतं, भूक मरते आणि शरीर स्वतःच्या स्नायूंची प्रथिनं मोडून वापरायला लागतं. चांगलं खाल्ल्याप्यालेल्या मुलाला हा खर्च तीन-चार दिवस सहज झेपतो. हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाला तो न झेपण्याची भीती असते, म्हणून तिथे डॉक्टर ताप लवकर उतरवतात. पण ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्या मुलाचं शरीर हा खर्च करायलाच घेत नाही. पालघर जिल्ह्याची खरी गोष्ट इथून सुरू होते.

1992 साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याचं नाव राज्यभर गाजलं. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. त्यानंतरही मोखाड्यातल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. वर्तमानपत्रात ‘कुपोषणाचे बळी’ असं छापून येतं आणि वैद्यकीय दाखल्यावर न्यूमोनिया किंवा जुलाब. त्यावरून वाद होतात. दोन्ही खरं आहे. अतितीव्र कुपोषित मूल बहुधा उपासाने मरत नाही, संसर्गाने मरतं, आणि तो संसर्ग वेळेवर ओळखला जात नाही कारण त्याची नेहमीची खूण, म्हणजे ताप, दिसत नाही.

ही खूण का पुसली जाते? वर सांगितलेली इंटरल्यूकिन आणि टीएनएफ ही सगळी प्रथिनंच आहेत. प्रथिनांची टंचाई असलेल्या पांढऱ्या पेशी ती कमी बनवतात. 1981 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुपोषित रुग्णांच्या पांढऱ्या पेशींपासून मिळवलेला, ताप आणणारा द्रव सशांना टोचला, तेव्हा निरोगी माणसांच्या पेशींपासून मिळवलेल्या द्रवाच्या मानाने सशांना ताप कमी चढला. म्हणजे मेंदूपर्यंत निरोपच अर्धामुर्धा जात होता. त्यात भर अशी की निरोप पोचला तरी तापायला इंधन लागतं. या मुलाच्या कातडीखाली चरबी नाही, थरथरायला स्नायू नाहीत, यकृतात साखरेचा साठा नाही. मग गंभीर संसर्गात त्याचं तापमान चढण्याऐवजी घसरतं. रक्तातली साखरही त्याच वेळी घसरते. अंग गार आणि साखर कमी ही जोडी बहुतेक वेळा एकत्रच येते आणि तिच्यामागे संसर्ग दडलेला असतो. एक सापडली की उरलेल्या दोन्ही आहेत असं धरूनच वागायचं.

एक मूल डोळ्यांसमोर आणू. कुणा एकाचं नाही, अनेकांचं मिळून केलेलं चित्र आहे. चौदा महिन्यांचा मुलगा, मोखाड्याच्या डोंगरपट्टीतल्या पाड्यावरचा. आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते, पाऊस लागायच्या आत परतले. आता श्रावण आहे. नागलीची आवणी झाली, घरातलं धान्य संपत आलंय, आई दिवसभर शेतावर. चार दिवस पातळ जुलाब झाले, ते थांबले. दोन दिवस मुलगा खात नाही, रडतही नाही. आई म्हणते, “ताप नाय त्याला, आता गप झोपतो.” अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावते. घेर 10.8 सेंटिमीटर, पट्टीचा लाल भाग. 11.5 च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. वजन 5.8 किलो. या वयाच्या मुलाचं ते दहाच्या आसपास हवं. काखेत थर्मामीटर ठेवलं तर 34.8.

इथे दोन वाटा फुटतात. एक वाट म्हणते, ताप नाही, खोकला नावापुरता, पुढच्या आठवड्यात ग्राम बाल विकास केंद्रात नाव घालू. ही वाट चुकीची आहे. दुसरी वाट म्हणते, सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोजले, 54 भरले. एक वर्षावरच्या मुलात मिनिटाला 40 किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनिया समजायचा. भूक नाही, अंग गार, मूल मलूल, यातली एकही गोष्ट असली तरी या मुलाला पाड्यावर ठेवायचं नाही. त्याने जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखलच व्हायला हवं.

गाडी यायला दोन तास लागतील. तेवढ्यात काय? मुलाला उघडं करून आईच्या उघड्या छातीशी घ्यायचं, दोघांवर मिळून घोंगडी, मुलाच्या डोक्याला टोपी किंवा फडकं. अंगाला गरम पाण्याची बाटली लावायची नाही, या मुलांची कातडी पटकन भाजते. मूल गिळत असेल तर साखरेचं पाणी: 50 मिलिलिटर पाण्यात एक सपाट चमचा साखर, घोटाघोटाने. आई अंगावर पाजत असेल तर पाजत राहायचं. रस्त्यातही मूल आईच्या छातीशीच राहील.

रुग्णालयात रक्तातली साखर 54 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ग्लुकोज. आणि तपासणीची सोय नसेल तर ती कमीच आहे असं धरून ग्लुकोज. मग दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, सुरुवातीचं पातळ दूध, ज्याला एफ-75 म्हणतात. किलोमागे दिवसाला 130 मिलिलिटर, म्हणजे या मुलाला सुमारे 750. बारा वेळांत वाटलं की एका वेळी साधारण 65. यापेक्षा जास्त पाजण्याचा मोह आवरावा लागतो. आजीला वाटतं एवढंसंच कसं, पण अशक्त हृदयाला एकदम भार सोसत नाही. आणि प्रतिजैविकं पहिल्याच दिवशी सुरू, ताप असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेची तशी स्पष्ट सूचना आहे, आणि कारण तेच: या मुलांत ताप दिसण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. हिवतापाची तपासणीही ताप नसताना करायची.

जे कुपोषित मूल खातंय, खेळतंय, त्याचं काय? मलावीत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा 2,767 मुलांना घरीच पोषक आहार दिला. सोबत एका गटाला अ‍ॅमॉक्सिसिलिन, एका गटाला सेफ्डिनिर ही प्रतिजैविकं आणि एका गटाला नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव्य. प्रतिजैविकांच्या दोन्ही गटांत मृत्यू कमी झाले. वरून काहीही दिसत नसताना आत संसर्ग होता, असाच याचा अर्थ मी लावतो.

आपल्या मुलाकडे परत येऊ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो वाटीकडे हात नेतो, रडतो, आणि कधी कधी याच सुमाराला त्याला 38.2 ताप येतो. वॉर्डात घबराट होते, “आत्ता तर बरा होता.” अशा वेळी मी आधी मुलाकडे बघतो, मग कागदाकडे. खातो आहे, श्वास 36 वर आलाय, हातपाय उबदार आहेत, तर हा ताप शरीरात पुन्हा बळ आल्याचं लक्षण असू शकतं. पण शकतं एवढंच. सलाईनच्या सुईची जागा लाल झाली आहे का, कान वाहतोय का, लघवीत काही आहे का, क्षयरोग नजरेतून सुटला का, हे तपासल्याशिवाय त्या तापावर खूश व्हायचं नाही.

आता नेहमीच्या, धडधाकट मुलाच्या तापाबद्दल, कारण तुमचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच असतात. तापाचा आकडा आणि आजाराचं गांभीर्य यांचं नातं सैल आहे. 39.5 ताप असून मूल पाणी पितंय, ताप थोडा उतरल्यावर हसतंय, तर घाई नको. 38 च असून मूल दूध सोडतंय, उठत नाही, छाती आत ओढतंय, तर एक तासही थांबायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा 38 चा ताप मात्र नेहमीच दवाखान्याचा. तापातल्या झटक्यांची भीती सगळ्यांनाच असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ते कधीतरी येतात आणि बहुतेकांना पुढे काही होत नाही. पॅरासिटामॉल आधीपासून दिल्याने ते टळतात असं दिसलेलं नाही. आपल्या भागात मात्र झटका आला की मेंदूच्या हिवतापाची शंका घेऊन तपासणी करायलाच हवी.

पॅरासिटामॉल मूल कण्हत असेल, अंग दुखत असेल, पाणी पीत नसेल तेव्हा द्या. किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचं अंतर आणि दिवसात चारच मात्रा. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्ये 125’ लिहिलं असेल तर 6 मिलिलिटर, ‘250’ लिहिलं असेल तर 3. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आणि घरातला चमचा कधी पाच मिलिलिटरचा असतो, कधी दहाचा. सोबतचं मापाचं टोपण हरवलं की सगळा हिशेब कोलमडतो. अतितीव्र कुपोषित मुलात मात्र हे औषध रुग्णालयातच, तेही तापाने मूल बेजार असेल तर.

शेवटी थर्मामीटरबद्दल, कारण आजच्या विषयातली निम्मी चूक तिथे होते. पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरवरच्या रेघा 35 अंशांपासून सुरू होतात. मूल 33 ला असलं तरी पारा पहिल्या रेघेच्या खाली कुठेतरी असतो आणि घाईत वहीत ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. आशाताईंच्या पिशवीतलं डिजिटल थर्मामीटर जास्त खाली मोजतं, पण बरंच खाली गेल्यावर त्याच्या पडद्यावर आकड्याऐवजी नुसतं Lo येतं. ते पाहून बॅटरी गेली असं समजून थर्मामीटर बाजूला ठेवल्याचं मी पाहिलं आहे. काखेत ठेवलेलं असेल तर दंड अंगाशी घट्ट दाबून बीप वाजेपर्यंत थांबा. वजन जितक्या काळजीने लिहिता तितक्याच काळजीने तापमानही लिहा. 35 च्या खालचा आकडा असेल तर त्याच्याभोवती लाल गोल करा. Lo आलं तर दुसऱ्या काखेत पुन्हा मोजा, आणि पुन्हा Lo आलं तर मूल आईच्या छातीशी देऊन 108 ला फोन लावा.